कॉल संपल्यावरची वीस मिनिटं

प्रश्न: माझं वय ४४. सात महिन्यांपूर्वी आमच्या कंपनीत नोकरकपात झाली, त्यात माझं नाव होतं. अकरा वर्षं तिथे होतो. या अनुभवावर लेख लिहायचाय, कारण माझ्याबरोबर गेलेल्यांपैकी कोणीच यावर मोकळेपणानं बोलत नाही आणि मलाही बोलता येत नाही. चार वेळा लिहून झालं, चारही वेळा लेख शिव्याशापांवर गेला. सुरुवातच बघा: "अकरा वर्षं त्यांनी मला पिळून घेतलं आणि दहा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर कचऱ्यासारखं बाहेर फेकलं. त्यांना माणसांची किंमत नाही, त्यांना फक्त आकडे कळतात." बायकोनं वाचलं आणि एवढंच म्हणाली, "हे तू लिहिलंयस असं वाटत नाही." पाचव्यांदा सगळा राग काढून टाकला, तर ते कंपनीच्या निवेदनासारखं झालं. खरं तर त्या दिवशी मी चकार शब्द काढला नव्हता. कॉल संपल्यावर लॉगिन बंद व्हायला वीस मिनिटं होती, तेवढ्यात अर्धी राहिलेली एक फाइल पुरी करून पाठवून दिली. का, ते अजून कळलेलं नाही. पैशांबद्दल लिहावं का, किती लिहावं, हेही समजत नाही. आणि वडिलांना अजून सांगितलेलं नाही. दर रविवारी ते फोनवर विचारतात, "ऑफिस काय म्हणतंय?" मी म्हणतो, "चाललंय." लेख छापून आला तर ते वाचतील. कडवट न होता, पण खोटंही न बोलता हे कसं लिहू?

उत्तर:

तुम्ही पाच वेळा लेख लिहिलात आणि ती फाइल पाचही वेळा बाहेर राहिली. पत्रात मात्र ती सहज आली, जाता जाता, जणू तिला काही महत्त्वच नाही. मी तिथेच थांबले. अनुभव लिहू पाहणाऱ्यांची पानं मी बरीच वर्षं वाचते आहे आणि एक गोष्ट वारंवार दिसते: माणूस लेखात जे म्हणायचं ठरवून बसतो ते बहुतेक वेळा दुसऱ्यांबद्दल असतं, आणि जे पत्रात, चहा पिताना, निरोप घेताना त्याच्या तोंडून निसटतं ते स्वतःबद्दल असतं. तुमचा लेख त्या वीस मिनिटांत आहे.

आधी तुमची सुरुवात घेऊ. त्या दोन-तीन वाक्यांत तुम्ही स्वतः काय करता? काहीच नाही. तुम्हाला पिळलं जातं, तुम्हाला फेकलं जातं, आणि मग तुम्ही त्यांच्या मनात काय आहे ते सांगता. कडवटपणा शिरतो तो याच दारानं. दुसऱ्याच्या मनात काय होतं ते आपल्याला दिसलेलं नसतं, तरी आपण ते ठासून सांगतो. वाचकाला ते जाणवतं. तुमच्यावर अन्याय झाला हे त्याला पटतं, तरी तो लेखातून मनानं थोडा मागे सरकतो, कारण त्याला बघायला काहीच मिळालेलं नसतं, फक्त निकाल ऐकायला मिळालेला असतो.

मी हे केलेलं आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी काम करत होते तो विभाग एका दुपारी बंद झाला. नंतर मी त्यावर लिहिलं आणि त्यात एक वाक्य होतं, "साहेबांनी अत्यंत थंडपणे आम्हाला सांगितलं." त्या खोलीत माझ्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीला ते वाचून दाखवलं. तिनं विचारलं, थंडपणे म्हणजे काय केलं त्यांनी? मी आठवू लागले. ते टेबलाकडे बघत होते आणि पेनाचं टोपण काढून परत लावत होते, सारखं, बोलून संपेपर्यंत. 'थंडपणे' हा माझा शब्द होता. टोपण मी पाहिलं होतं. मी शब्द खोडला आणि टोपण ठेवलं. साहेब चांगले ठरले नाहीत, वाईटही ठरले नाहीत, पण ती खोली पहिल्यांदा कागदावर आली.

म्हणून पहिलं काम अगदी हातानं करायचं आहे. चौथा खर्डा छापून घ्या आणि पेन्सिलनं प्रत्येक 'त्यांनी', 'त्यांना', 'त्यांचं' याभोवती गोल करा. मग प्रत्येक गोलापाशी विचारा: हे मी पाहिलं, ऐकलं, की मी ठरवलं? पाहिलं-ऐकलं असेल ते राहू द्या, कितीही कडक असलं तरी. ठरवलं असेल त्याच्या जागी त्या वेळी दिसलेलं काहीतरी घाला. कॉलवर समोरची व्यक्ती कागदावरून वाचून दाखवत होती का? मध्येच तिचा आवाज बंद झाला आणि तुम्हाला "आवाज येत नाहीये" म्हणावं लागलं का? दहा मिनिटं हे घड्याळात पाहिलं होतं की मागून धरलेला अंदाज आहे? असं काही आठवलंच नाही तर ते वाक्य सरळ जाऊ द्या. या चाळणीतून गेल्यावर राग कमी होत नाही, फक्त त्याला नेमकी जागा मिळते. तुमच्या पाचव्या खर्ड्यात तुम्ही रागाबरोबर पेनाची टोपणंही काढून टाकलीत, म्हणून ते निवेदनासारखं झालं. राग काढायचा नव्हता, निकाल काढायचे होते.

एक आणखी बारीक जागा आहे, क्रियापदाची. ही घटना सांगायला मराठीत चार-पाच वाक्यं तयार मिळतात आणि प्रत्येकाचा कल वेगळा आहे. "त्यांनी मला काढलं" म्हटलं की समोर एक करणारा उभा राहतो आणि लेख त्याच्या मागे धावू लागतो. "मी नोकरी गमावली" म्हटलं की दोष गुपचूप तुमच्याकडे येतो, कारण गमावतो तो निष्काळजी माणूस, पाकीट गमावावं तसं. "माझी नोकरी गेली" यात कोणीच करणारा नाही, नोकरी आपल्या पायांनी चालत गेल्यासारखी. "मला कमी केलं" यात 'कमी' हा शब्द पगारपत्रकातल्या माणसांच्या संख्येसाठी वापरला जातो, पण ऐकणाऱ्याला आणि बोलणाऱ्यालाही तो माणसाला लागलेला ऐकू येतो. तुमच्या खर्ड्यात यातली कोणकोणती वाक्यं कुठे आली आहेत ते बघा. मला वाटतं जिथे तुम्ही रागावलात तिथे 'काढलं' आलं असेल आणि जिथे रात्रीचे एकटे होतात तिथे 'गमावली'. घडलं ते असं: कंपनीनं काही पदं रद्द केली, त्यातलं एक तुमचं होतं. एकदा, एका ठिकाणी, हे एवढं साधं वाक्य लिहून टाका. नंतर तुम्ही कुठलंही क्रियापद वापरा, वाचक चुकणार नाही.

आता ती वीस मिनिटं. तुम्ही पत्रात दिलेल्या गोष्टींवरूनच एक परिच्छेद मांडून बघते. जिथे मला माहीत नाही तिथे प्रश्न ठेवते, तो तुम्ही भरायचा.

"कॉल संपला. लॉगिन बंद व्हायला अजून वीस मिनिटं होती. स्क्रीनवर एक फाइल अर्धी उघडी होती. [कशाची? कोणासाठी?] मी ती पुरी करायला घेतली. [शेवटी काय भरायचं राहिलं होतं?] पाठवताना नेहमीसारखंच खाली लिहिलं, [काय? 'काही शंका असल्यास कळवा'?] आणि पाठवून दिली. मग स्क्रीन बंद होईपर्यंत [काय केलंत? हात कुठे होते?]"

यात 'कंपनीनं माझ्या निष्ठेची किंमत केली नाही' असं कुठेही नाही, तरी वाचकाला ते लख्ख दिसेल, आणि त्याहून अवघड असं काहीतरीही दिसेल. तुम्ही ती फाइल का पाठवलीत? ती सवय होती, की अर्धं काम ठेवून जाणारा माणूस अशी आपली आठवण राहू नये ही धडपड, की आणखी वीस मिनिटं तरी आपण नोकरीत आहोत हे स्वतःला दाखवणं? तुम्ही म्हणता, अजून कळलेलं नाही. मग लेखातही तेच लिहा: कळलेलं नाही. उत्तर ओढून आणू नका. लेखाच्या सुरुवातीला हा प्रश्न टांगलेला राहिला तर पुढचं सगळं त्याच्या उजेडात वाचलं जाईल.

आपण कोण, या ओळखीचा धागा इथूनच निघतो. आपण नोकरीबद्दल कसं बोलतो पाहा. कोणी विचारलं, काय करता, तर आपण म्हणतो, "मी अमुक कंपनीत असतो." काम करतो असंही म्हणत नाही, 'असतो' म्हणतो. माणसाच्या असण्याचंच क्रियापद आपण कंपनीला जोडून ठेवलेलं असतं. नोकरी गेली की 'असतो'चं 'होतो' होतं आणि त्या जागी लगेच दुसरं काही येत नाही. पत्रात तुम्हीही लिहिलंय, "अकरा वर्षं तिथे होतो." नोकरी गेल्यानंतर एखाद्या अनोळखी माणसानं पहिल्यांदा हा प्रश्न विचारला तेव्हा तुमच्या तोंडून यातला कुठला काळ आला? 'माझी ओळख हरवली' हे वाक्य लिहू नका, तो प्रसंग लिहा. प्रश्न कोणी विचारला, तुम्ही किती वेळ घेतलात, काय म्हणालात.

ओळखीत दिवसाचा आकारही येतो, आणि तो लेखांतून हमखास निसटतो. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियातल्या मारिएनताल या गावात एक मोठी कापड गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथल्या लोकांचा अभ्यास केला. त्यांनी लोकांना दिवसाचे तक्ते भरायला दिले, कुठल्या तासाला काय केलं ते. पुरुषांच्या तक्त्यांत उठणं, जेवण, झोपणं एवढं ठळक असायचं, मधल्या तासांत काय केलं ते त्यांना धड सांगताच येत नव्हतं. वेळ हवा तेवढा होता, तरी गावच्या वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण घटलं. रस्त्यावरून चालणाऱ्यांचा वेग मोजला तर पुरुष बायकांपेक्षा सावकाश चालत होते आणि जास्त वेळा थांबत होते, कारण बायकांच्या अंगावर घराचं काम होतंच, त्यांचा दिवस मोडला नव्हता. हे वाचून माझ्या मनात राहिला तो तक्ता. तुम्ही तो भरून बघा. नोकरी गेल्यानंतरच्या तिसऱ्या किंवा चौथ्या आठवड्यातला कुठलाही एक मंगळवार घ्या आणि तासातासानं लिहा. जिथे काही आठवत नाही तो तास मोकळा सोडा. लेखात कदाचित यातल्या दोनच ओळी येतील, पण 'दिवस खायला उठायचे' या घासून गुळगुळीत झालेल्या वाक्यापेक्षा त्या वजनदार असतील.

पैशांबद्दल लिहावं का? लिहावंच. पैसा वगळला की असा लेख निव्वळ मनाच्या अवस्थांवर तरंगत राहतो, आणि वाचकाला कळत नाही की तुमच्या पायाखाली नेमकी किती जमीन होती. पण रक्कम लिहायची गरज नाही. रक्कम लिहिली की वाचक आपलं तुमच्याशी ताडून बघायला लागतो, कोणाला ती फार वाटते, कोणाला अगदी कमी, आणि लेख बाजूला राहतो. महिने लिहा. हातातली शिल्लक भागिले महिन्याचा खर्च, एवढाच तो हिशेब, आणि नोकरी गेलेला जवळजवळ प्रत्येक माणूस तो करतोच.

माझ्या लेखनवर्गातल्या एका बाईंनी नोकरी गेल्यावर लिहिलेल्या लेखात एकच वाक्य पैशांवर होतं, "आर्थिक ताण तर होताच." मी त्यांना त्या महिन्यांची खर्चाची वही आणायला सांगितली. वही आणली तेव्हा समासात पेन्सिलनं बारीक आकडे दिसले: ५.४, मग ५.१, मग ४.९. मी विचारलं हे काय. त्या थोड्या संकोचल्या. रोज सकाळी उठल्या उठल्या, दात घासायच्याही आधी, बँकेचं ॲप उघडून त्या शिल्लक बघायच्या आणि किती महिने उरले ते काढायच्या. एक दिवस आकडा उलटा वर गेला, ४.२ चा ४.६ झाला. पैसे कुठून आलेले नव्हते. मुलीचा गाण्याचा क्लास बंद केला होता, म्हणून भागाकारातला खर्च कमी झाला होता. त्यांनी सांगितलं, "आकडा वाढलेला बघून मला आधी बरं वाटलं. मग कशामुळे वाढला ते आठवलं." नंतर त्या लेखातून 'आर्थिक ताण' हे शब्द गेले आणि हा वाढलेला आकडा आला. पैसा, आईपण आणि लाज, तिन्ही त्या एका आकड्यात होतं, आणि कोणावरही आरोप नव्हता.

तुमच्याकडेही असं काहीतरी असणार. काय आधी बंद केलंत, काय परवडत नसताना चालू ठेवलंत, आणि ते कोणाला कळू दिलं नाहीत? या क्रमात माणूस दिसतो. कित्येकदा दरमहा कापले जाणारे बारीकसारीक पैसे लगेच थांबवले जातात आणि एखादी महागडी गोष्ट केवळ दिसते म्हणून सहा महिने ओढली जाते. ऑफिसनं काढलेला आरोग्य विमा बऱ्याच ठिकाणी नोकरीबरोबरच संपतो. ते तुम्हाला कधी आणि कुठे उभं असताना लक्षात आलं, हेही आठवून बघा. हे पैसे तुमच्या एकट्याचे नाहीत, ही एक अडचण मात्र आहे. त्यामुळे हा भाग छापायला देण्याआधी बायकोला वाचायला द्या आणि ती नको म्हणेल ते काढा. तिनं तुमचा आवाज ओळखला नाही म्हणून सांगितलं, म्हणजे तिचा कान चांगला आहे.

लाजेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ती पत्रात आहे, शेवटच्या ओळींत. अपराधाची भावना एखाद्या कृतीशी बांधलेली असते: मी हे चुकीचं केलं. लाज अख्ख्या माणसाला धरते: मीच असा. नोकरकपातीत तुम्ही काही चुकीचं केलेलंच नसतं, म्हणून अपराधाला धरायला काही सापडत नाही, आणि लाज मोकळी सुटते. ती कागदावर 'मला लाज वाटली' अशी उतरत नाही, कारण हे वाक्य लिहिताना माणूस आधीच थोडा बाहेर येऊन बोलत असतो. ती उतरते लपवण्यात. तुमच्या बाबतीत ती एका शब्दात आहे, "चाललंय." तो शब्द खोटा नाही, खराही नाही. दर रविवारी तुम्ही तो वापरलात, म्हणजे आतापर्यंत साधारण तीस वेळा. लेखात तो संवाद जसाच्या तसा ठेवा, वडिलांचा प्रश्न आणि तुमचं उत्तर, पहिल्या रविवारचा आणि गेल्या रविवारचा. मधे समजावणारं एकही वाक्य नको. फोन ठेवल्यावर तुम्ही काय करता, बायको त्या खोलीत असते का, ती काय करते, एवढं पुरे.

लिहायला बसण्याआधी एक गोष्ट करून घ्या. पाच दिवस, रोज वीस मिनिटं, कोणालाही न दाखवण्यासाठी लिहा. यात 'त्यांनी' हवं तेवढं येऊ द्या, शिव्याही येऊ द्यात, शुद्धलेखन बघू नका. हे मी मनानं सांगत नाही. अमेरिकेत नोकरकपातीत बाहेर पडलेल्या ६३ जणांबरोबर असा प्रयोग झाला होता, तो १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. जेम्स पेनेबेकर हे मानसशास्त्रज्ञ त्यातले एक. एका गटानं नोकरी जाण्याबद्दल मनातलं सगळं लिहिलं, दुसऱ्या गटानं त्याच वेळात भावनांना न शिवणाऱ्या विषयांवर लिहिलं, तिसऱ्यानं काहीच लिहिलं नाही. पुढच्या काही महिन्यांत पहिल्या गटातल्या लोकांना नव्या नोकऱ्या लक्षणीय जास्त प्रमाणात मिळाल्या, आणि ते काही जास्त अर्ज करत होते किंवा जास्त फोन करत होते असं नव्हतं. संशोधकांचा अंदाज होता की राग कुठेतरी बाहेर पडल्यानं फरक पडला असावा. ६३ माणसं म्हणजे थोडीच, यातून नोकरीची हमी घेऊ नका. लेखासाठी मला त्यातली दुसरी गोष्ट उपयोगाची वाटते: कोणीतरी वाचावं म्हणून लिहिणं आणि कोणालाही न दाखवण्यासाठी लिहिणं, ही दोन वेगळी लिखाणं आहेत. तुमचे चारही खर्डे दुसऱ्या प्रकारचे होते आणि तुम्ही ते पहिल्या प्रकारचे समजून वाचत होतात, म्हणून ते फसलेले वाटले. ते फसलेले नाहीत, त्यांचं काम झालं आहे. पाच दिवसांची पानं एका पाकिटात घालून ठेवा आणि कोऱ्या कागदावर फाइलपासून सुरू करा. पाकिटातून काही उचलायचं झालं तर आठवेल तेवढंच उचला, उघडून नकल करू नका.

पाचव्या दिवसाचं पान पहिल्या दिवसाच्या पानाशेजारी ठेवून एकदा बघा मात्र. पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नंतरच्या अभ्यासांत असं दिसलं की ज्यांना अशा लिखाणाचा उपयोग होतो त्यांच्या पानांवर दिवसागणिक 'कारण', 'त्यामुळे', 'आता लक्षात येतंय' अशा अर्थाचे शब्द वाढतात, आणि 'मी'वरून दुसऱ्यांकडे आणि परत 'मी'कडे असं जाणं-येणं चालू असतं. पाचही दिवस एकच गोष्ट त्याच शब्दांत आली असेल, तर लेख लिहायची घाई नको, दोन महिने थांबा. तुमच्या पत्रात दोन्ही हालचाली आहेत, म्हणून तुमच्याबाबत मला ती भीती वाटत नाही.

कडवटपणाच्या उलट्या बाजूलाही एक खड्डा आहे. अशा लेखांचा शेवट हल्ली फार वेळा "बरंच झालं, नाहीतर मला स्वतःचा शोध लागला नसता" असा होतो. तुम्हाला सातच महिने झालेत. बरं झालं की वाईट, हे तुम्हाला अजून माहीत नाही आणि माहीत असल्याचं सोंग आणलंत तर नोकरी जाऊन दोन आठवडे झालेला वाचक, जो तुमचा खरा वाचक आहे, तो तिथेच पान मिटेल. त्याला तुमचं यश नको आहे. ३.८ वर आकडा असताना माणूस सकाळी उठून काय करतो, ते त्याला हवं आहे.

कागदोपत्री बाब थोडक्यात. बाहेर पडताना तुम्ही ज्या करारावर सही केली असेल तो आज काढून वाचा. कंपनीबद्दल बदनामीकारक बोलणार नाही, मिळालेली रक्कम किंवा अटी उघड करणार नाही, अशी कलमं त्यात पुष्कळदा असतात आणि ती मोडली तर दिलेले पैसे परत मागण्याची तरतूदही असू शकते. शंका असेल तर लेख पाठवण्याआधी वकिलाला दाखवा. कंपनीचं नाव नकोच, आणि कॉलवरच्या व्यक्तीला ओळखता येईल असा तपशीलही नको. तिथे अजून नोकरीत असलेल्या एखाद्या सहकाऱ्यानं त्या रात्री तुम्हाला फोन केला असेल, तर त्याचा हुद्द्यावरून, गावावरून, लकबीवरून माग लागणार नाही असं लिहा. त्याची नोकरी अजून आहे.

आता वडील. लेखाला शेवट सापडत नाही असं तुम्ही म्हटलेलं नाही, पण मला वाटतं सापडत नसणार, कारण तो अजून घडलेलाच नाही. त्यांना हे छापील अक्षरांत कळू नये. लेख कोणाकडेही पाठवण्याआधी त्यांना सांगा, आणि शक्य असेल तर रविवारच्या फोनवर नको, कारण तिथे "चाललंय" हा शब्द तुमच्याआधी येऊन बसलेला असतो. त्यांच्यासमोर जाऊन सांगा. कसं सांगायचं याची वाक्यं मी देणार नाही. लेखासाठी म्हणून हे करू नका, आणि तिथे बसून मनात टिपणं काढू नका. त्यांनी काय म्हटलं ते तुमच्या लक्षात राहीलच. कदाचित ते म्हणतील, मला कधीच कळलं होतं. कदाचित पैशांचं विचारतील. कदाचित काहीच न बोलता उठून आत जातील. जे होईल ते घरी आल्यावर, त्याच रात्री, तेवढंच लिहून ठेवा. मग ती फाइल कोणासाठी होती ते मला कळवा.